एका लिटरचं पनीर आणि शंभर ग्रॅमचा हिशोब

आमच्या म्हशीच्या एक लिटर दुधाचं पनीर २२० ग्रॅमच्या आसपास उतरतं. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रॅम प्रथिनं, पावणेअठ्ठावीस ग्रॅम फॅट आणि अडीच ग्रॅमच्या थोडी वर साखर असते, म्हणजे सव्वातीनशेच्या आतबाहेर कॅलरी. हे आकडे मी कुठून आयते उचललेले नाहीत. वजनकाटा, दूध केंद्राची पावती आणि वजाबाकी, एवढ्यावरच काढले आहेत. पण तेच दूध, तोच गंज, म्हणजे तेच पातेलं, आणि तेच लिंबूसत्व घेऊन मी तुम्हाला २५० ग्रॅम पनीरही काढून दाखवीन आणि २०० ग्रॅमही. मग शंभर ग्रॅमचा आकडाही त्याबरोबर हलणारच. सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरी म्हशी आहेत आणि एक संकरित गाय. सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर जातं, घरापुरतं ठेवतो. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो आणि आला की खायला मागतो. अंडी आमच्याकडे चालत नाहीत. त्यामुळे पनीर. आणि पनीर म्हटलं की त्याचा प्रश्न ठरलेला, "काकू, याच्यात शंभर ग्रॅमले प्रोटीन किती?" मोबाइलवर तो अठरा बघतो, पाकिटावर कधी वीस असतं. घरच्या पनीरला दोन्हींपैकी कोणताच आकडा लावता येत नाही, कारण ते दूध दुसरं आणि दाबही दुसरा. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे "असेल तेवढंच" असं उत्तर देऊन मला गप्प बसवेना.

सुरुवात दुधाच्या मापापासून. ताज्या धारेच्या दुधाला फेस असतो आणि लिटरच्या मापात तो फेसही मोजला जातो. माप काठोकाठ भरलं तरी आत लिटरभर दूध नसतं. म्हणून मी दूध वजन करून घेते. एक लिटर दुधाचं वजन १०३० ग्रॅमच्या जवळ भरतं, कारण दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं. रिकामा गंज काट्यावर ठेवायचा, काटा शून्य करायचा आणि १०३० दिसेपर्यंत दूध ओतायचं. फेसाचा प्रश्न तिथेच मिटतो. गंज स्टीलचाच घ्यावा. जर्मनच्या गंजात आंबट घातलं की धातूची चव उतरते.

आता दुधात काय आहे ते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, केंद्राची पावती पुरते. त्या दिवशीच्या पावतीवर फॅट ६.५ आणि एसएनएफ ९.३ होतं. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात विरघळलेलं बाकी सगळं: दुधाची साखर, प्रथिनं आणि क्षार. काही मशीन प्रोटीनचाही आकडा छापतात, पण तो बहुतेक वेळा एसएनएफवरून हिशोबाने काढलेला असतो, वेगळा मोजलेला नसतो. मग आपणच काढावा. म्हशीच्या दुधात साखर ४.८ टक्क्यांच्या आसपास आणि क्षार ०.८, हे दोन्ही फारसे हलत नाहीत. ९.३ मधून ते वजा केले की ३.७ उरतात, ती प्रथिनं. म्हणजे १०३० ग्रॅम दुधात फॅट ६७ ग्रॅम आणि प्रथिनं ३८ ग्रॅम. या ३८ मध्ये दोनेक ग्रॅमची चूकभूल धरावी, वजाबाकीने त्याहून बारीक उत्तर मिळत नाही. पुतण्याच्या कामाला ते भरपूर झालं.

फॅट मात्र दिवसागणिक बदलतं. सरकी-ढेप कमी पडली, म्हैस आटायला आली, सकाळऐवजी संध्याकाळची धार घेतली, की पावती वेगळी. म्हणून ज्या दुधाचं पनीर करायचं त्याच वेळची पावती घ्यावी. मागच्या आठवड्याची चालत नाही.

दूध मंद आचेवर ठेवते आणि ९० अंशांपर्यंत नेते. थर्मामीटर नसेल तर दूध वर चढायच्या बेतात येतं, तो क्षण धरावा. तिथे आच कमी करून पाचेक मिनिटं सराट्याने बुडापासून ढवळत राहायचं. ही पाच मिनिटं बऱ्याच जणी सोडतात, आणि उतारा इथेच कमी होतो. दुधातली प्रथिनं दोन प्रकारची. मोठा भाग केसीन, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या आसपास. आंबट पडलं की ते आपोआप गोळा होतं. उरलेली प्रथिनं कोमट दुधात आंबटाला दाद देत नाहीत, पाण्यासोबत सरळ निघून जातात. पण दूध ९० अंशांपर्यंत तापवून धरलं की ती उलगडतात, केसीनला चिकटतात आणि मग त्याच्याबरोबर गोळ्यात येतात. साठ-सत्तर अंशांवर घाईने फाडलेल्या दुधाचं पनीर वजनाला कमी भरतं आणि पाण्यात प्रथिनं जास्त जातात, ते यामुळेच.

मग गंज उतरवून ७० ते ७५ अंशांवर येऊ देते. म्हशीचं दूध उकळतं असतानाच फाडलं तर गुठळी आखडते, पनीर रबरासारखं होतं. फार थंड झाल्यावर फाडलं तर गुठळी लिबलिबीत राहते आणि फडक्यातून बारीक कण निसटतात.

फाडायला दही किंवा ताक घालू नये असं माझं मत. चवीला काहीच हरकत नाही, पण दह्याची स्वतःची प्रथिनं आणि फॅट हिशोबात घुसतात. लिंबू चालेल, पण एकेका लिंबाची आंबटाई वेगळी आणि उन्हाळ्यात लिंबाचे भाव तर विचारू नका. मी किराणा दुकानातलं लिंबूसत्व घेते. एका लिटर दुधाला दोन ग्रॅमच्या आसपास लागतं. आता दोन ग्रॅम घरच्या काट्यावर नीट मोजता येत नाहीत. त्यावर तोड अशी: दहा ग्रॅम सत्व मोजायचं, ते लिटरभर पाण्यात विरघळवायचं आणि त्यातलं २०० मिली घ्यायचं. हे पाणीही गरम करून घालते, म्हणजे दुधाची आच एकदम पडत नाही. उरलेलं पाणी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की पुढच्या वेळी कामी येतं.

आंबट पाणी बारीक धारेने घालायचं आणि हलक्या हाताने ढवळायचं. गुठळी आणि पाणी वेगळं दिसलं की थांबायचं, जरी आंबट पाणी उरलं असेल तरी. कधी थांबायचं ते खालचं पाणी सांगतं. निवळ, पिवळट-हिरवट पाणी दिसलं म्हणजे झालं. पाणी अजून दुधाळ असेल तर प्रथिनं त्यातच आहेत, आणखी चमचा-चमचा आंबट घालावं. आंबट जास्त झालं तर पनीर आंबटसर लागतं आणि चुरा होतं. दोन्हींकडून तोटाच.

पाचेक मिनिटं झाकून ठेवलं की गुठळी तळाशी बसते. मग मलमलच्या ओल्या फडक्यात ओतायचं. खाली मोठा गंज हवा, कारण हे पाणी मला फेकायचं नसतं. फडकं आवळून त्यावर ताट आणि ताटावर पाटा ठेवते. आमचा पाटा नऊ किलोच्या वर आहे आणि मी तो वीस मिनिटं ठेवते. पाटा आणि वेळ दरवेळी तेच ठेवायचे. हे सांगायचं कारण पुढे येतं.

फडक्यातून काढल्यावर पनीर भरलं २२० ग्रॅम.

इथे बहुतेकांचा हिशोब संपतो आणि माझा सुरू होतो. दूध १०३० आणि आंबट पाणी २००, मिळून १२३० ग्रॅम आत गेले. बाहेर पनीर २२०. तापवताना वाफेत ४५ गेले, ते गंज आधी आणि नंतर वजन करून कळलं. फडक्याला आणि गंजाला लागलेलं दहाएक ग्रॅम धरलं, तर पाणी ९५५ ग्रॅम असायला हवं. काट्यावर तेवढंच भरलं, चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे. ही जुळणी होत नसेल तर कुठेतरी सांडलं आहे किंवा काटा खोटा आहे, आणि मग पुढचं गणित करण्यात अर्थ नाही. काटा तपासायला किलोभर मिठाचा न फोडलेला पुडा ठेवून बघावा.

आता या पाण्यात किती फॅट गेलं? अंदाजाने शून्य धरणारे खूप आहेत. पण पाणी थंड झालं की वर तुपकट डोळे दिसतात, म्हणजे शून्य नक्कीच नाही. मी बाटलीभर पाणी केंद्रावर नेलं. सचिवांनी बाटली पाहूनच हात वर केले. "वहिनी, हे फाटलेलं पाणी मशीनीत नका टाकू जी, नळी चोक होईन." बरोबरच होतं त्यांचं. शिवाय ते मशीन दुधासाठी लावलेलं, या पाण्याचा आकडा त्याने खोटाच दाखवला असता. पण केंद्राच्या कपाटात जुनी गर्बर पद्धतीची सामग्री होती, मशीन येण्याआधीची. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये दहा मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर दुधाच्या जागी माझं १०.७५ मिली पाणी आणि एक मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देते, कारण आम्ल फॅट सोडून बाकी सगळं जाळून विरघळवतं. मग ती यंत्रात फिरवायची आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायची. फॅटचा पिवळसर थर दांड्यावर वर येतो आणि टक्के सरळ वाचता येतात. हे काम सचिवांनीच केलं. या आम्लाशी घरी कुणी खेळू नये.

आकडा आला ०.५ च्या आसपास. ९५५ ग्रॅमचा अर्धा टक्का म्हणजे पावणेपाच ग्रॅम. फडक्याला आणि गंजाला चिकटलेलं ग्रॅमभर धरलं तर दुधातल्या ६७ पैकी ६१ ग्रॅम फॅट पनीरमध्ये आलं. प्रथिनांची अशी सोपी नळी केंद्रावर नसते. पण नीट तापवलेल्या दुधाच्या निवळ पाण्यात प्रथिनं ०.४ टक्क्यांच्या आसपास राहतात, म्हणजे चारेक ग्रॅम. ३८ मधून ते गेले, उरले ३४.

साखरेचं गणित वेगळं आहे आणि मला तेच जास्त आवडलं. साखर गोळ्यात अडकत नाही, ती पाण्यात विरघळलेली असते. म्हणून पनीरमध्ये जेवढं पाणी, तेवढीच त्यातली साखर. दुधात जवळजवळ ५० ग्रॅम साखर होती. २२० ग्रॅम पनीरमध्ये ११५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं आणि त्यात साखर साडेपाच-सहा ग्रॅम राहते. बाकी सगळी खालच्या गंजात गेली. पनीरमध्ये कर्बोदकं कमी का, याचं कारण एवढंच.

मग भागाकार. ३४ ला २२० ने भागून शंभरने गुणलं की १५.५. फॅट ६१, म्हणजे २७.७. साखर २.६. क्षार दोनेक ग्रॅम. फॅटचे नऊच्या हिशोबाने २४९, प्रथिनांचे चारच्या हिशोबाने ६२ आणि साखरेचे १०, असे ३२१ कॅलरी. या सगळ्यांची बेरीज ४७.८ होते, म्हणजे उरलेलं ५२.२ पाणी असायला हवं.

हे शेवटचं मला तपासता येण्यासारखं होतं. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाचा एकदा तरी उपयोग झाला. ५० ग्रॅम पनीर किसून स्टीलच्या थाळीत पसरलं, वर जाळी ठेवली आणि गच्चीवर दोन दिवस वाळवलं. थाळीसकट वजन करायचं, कारण तूप सुटून थाळीला लागतं आणि तेही पनीरचंच आहे. उन्हात ते २५ ग्रॅमवर आलं. मग कढईत रेती तापवून तीवर थाळी ठेवली आणि अगदी मंद आचेवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवलं, २४ वर थांबलं. म्हणजे शंभराला ४८ ग्रॅम घन, ५२ पाणी. कागदावरचं आणि थाळीतलं जुळलं. किस तांबूस होऊ देऊ नये. रंग बदलला की फक्त पाणी जात नाही, दुसरंही जळतं.

आता दाबाचं. पुढच्या वेळी त्याच प्रतीच्या दुधाचं पनीर पाटा न ठेवता नुसतं फडक्यात टांगलं. वजन आलं २५० ग्रॅम. जाऊबाई खूश, "जास्त निघालं!" निघालं काहीच नव्हतं, तीस ग्रॅम पाणी आत राहिलं होतं. लिटरातली प्रथिनं तीच ३४, पण आता ती २५० मध्ये पसरली, म्हणून शंभर ग्रॅमला १३.६ झाली आणि कॅलरी २८६ वर आल्या. उलट पाटा तासभर ठेवून वर पाण्याची कळशी चढवली, तेव्हा २०० ग्रॅम उतरलं. मग प्रथिनं १७ आणि कॅलरी साडेतीनशे. पुतण्याने १३.६ आणि १७ पाहून कडक पनीर "चांगलं" ठरवलं. मी त्याला विचारलं, "लिटरभराचं सगळं तूच खाणार ना? मग काय फरक पडला?" पनीरची पूर्ण ढेप खाल्ली तर तिन्हींत ३४ च ग्रॅम. शंभर ग्रॅमचा आकडा ढेप वाटून खाताना किंवा विकताना लागतो, आणि तो पाण्यावर ठरतो. म्हणून उतारा सांगताना दाब सांगितला नाही, तर त्या उताऱ्याला काही अर्थ राहत नाही. आमच्या बचत गटात "माझं अडीचशे, तुझं दोनशे" यावरून बरीच तोंडं वाकडी झाली आहेत, आणि दोघींचं दूध एकाच प्रतीचं होतं.

विकणाऱ्यांसाठी कायदाही पाण्यावरच बोट ठेवतो. पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांच्या वर नको आणि कोरड्या भागातलं फॅट निम्म्याहून कमी नको. आमच्या २५० च्या सैल पनीरमध्येही पाणी ५७ च्या आसपास होतं, म्हणजे नियमात बसतं. फॅटचं म्हणाल, तर कोरड्या १०५ ग्रॅमपैकी ६१ फॅट, अठ्ठावन्न टक्के. म्हशीला या अटीची चिंताच नाही.

गायीला आहे. आमच्या गायीच्या दुधाची पावती फॅट ३.८, एसएनएफ ८.६. त्याच रीतीने केलं, फक्त ८० अंशांच्या आसपास फाडलं, कारण गायीच्या दुधाची गुठळी मुळातच मऊ असते आणि थोड्या जास्त आचेवर ती नीट धरते. लिटरातून निघालं १५५ ग्रॅम. फॅट ३९ पैकी ३५ आलं, प्रथिनं ३३ पैकी २९. शंभर ग्रॅमला प्रथिनं पावणेएकोणीस, फॅट साडेबावीस, कॅलरी २९० च्या आत. मोबाइलवरचा अठराचा आकडा याच्या जवळ जातो. कोरड्या भागातलं फॅट मात्र ४९ टक्क्यांवर अडकलं, म्हणजे विकायचं असतं तर केसाने नापास. घरी खायला अर्थातच काही बिघडत नाही.

गायीचं पनीर शंभर ग्रॅमला प्रथिनांत पुढे दिसतं, पण लिटराला मागे आहे: २९ विरुद्ध ३४. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणतं वाक्य वापरायचं ते आपण दूध मोजतो की पनीर, यावर ठरतं.

पुतण्याला खरी अडचण प्रथिनांची नव्हतीच, तुपाची होती. त्याला एका वेळी तीस ग्रॅम प्रथिनं हवी होती. म्हशीच्या पूर्ण दुधाच्या पनीरमधून तेवढी घ्यायची तर १९४ ग्रॅम खावं लागतं, आणि त्यात सव्वासहाशे कॅलरी जातात. म्हणून साय काढून करून पाहिलं. लिटरभर दूध तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी जाड साय अलगद उचलली. सायीबरोबर थोडं दूधही जातं, खाली ९३० ग्रॅम राहिलं. केंद्रावर गर्बरने फॅट काढलं, २.५ आलं. घरची साय कितीही नीट काढा, सगळं फॅट निघत नाही. ते क्रीम सेपरेटरचं काम.

या ९३० ग्रॅमचं पनीर भरलं १४५. आत फॅट २१ ग्रॅम, प्रथिनं ३२. शंभर ग्रॅमला प्रथिनं २२, फॅट साडेचौदा, कॅलरी २३०. म्हणजे लिटरातली प्रथिनं दोनच ग्रॅमने घटली, पण कॅलरी सातशेवरून साडेतीनशेच्या आत आल्या. तीस ग्रॅम प्रथिनांसाठी आता १३६ ग्रॅम पुरतं आणि कॅलरी निम्म्या होतात. चाळीसच्या वर ग्रॅम फॅट सायीत गेलं, ते तुपाच्या बरणीत जमा झालं आणि सासूबाईंनी या प्रयोगाला पहिल्यांदा मान्यता दिली. तोटा एवढाच की हे पनीर भाजीत शिजवलं की चिवट होतं. कच्चं, जिरं-मीठ घालून खायला ठीक. आणि हे साध्या "पनीर" नावाने विकता येत नाही, कोरड्या भागात फॅट चौतीस टक्केच उरतं. ते मध्यम फॅटच्या वर्गात जातं आणि तसं लिहावं लागतं.

खाली राहिलेलं पाणी मी कणीक मळायला आणि वरणात घेते, उरलं तर सरकीच्या ढेपीत कालवून म्हशीपुढे जातं. त्यात साखर चाळीसवर ग्रॅम असते. पुतण्या ते "प्रोटीनचं पाणी" म्हणून प्यायचा, त्याला चारच ग्रॅम आहेत हे दाखवल्यावर सोडलं.

आता वजन नेमकं कधी करायचं, ते. पनीर पाट्याखालून काढून माठाच्या गार पाण्यात तासभर ठेवलं तर कापायला घट्ट होतं, पण २२० चं २२८ होतं. तव्यावर परतलं की उलट, पाणी उडतं. पुतण्याने एकदा शंभर ग्रॅम तुकडे परतून मग वजन केलं, काट्यावर ८४ दिसले, आणि तो १६ ग्रॅम प्रथिनं उडाली म्हणून माझ्याकडे आला. तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीनच गोष्टी लिहितो: पावतीचं फॅट, पाटा किती मिनिटं ठेवला, आणि फडक्यातून काढल्याबरोबरचं कच्चं वजन. परतलेल्या तुकड्यांची विभागणी करायची असेल तर पूर्ण ढेपीचा कितवा हिस्सा ताटात आला ते बघायचं, ग्रॅम बघायचे नाहीत. चतुर्थांश ढेप म्हणजे साडेआठ ग्रॅम प्रथिनं, मग ती परतलेली असो की पाण्यात भिजलेली.